साडेनऊनंतर मी कुठे होते?

सणाची गर्दी ओसरली, त्याला लागून आलेली लग्नांची पहिली लाटही संपली आणि मी माझ्या सलूनमधल्या सगळ्यांना पगाराची पाकिटं वाटली. तीन आठवडे सगळे राबले होते, म्हणून पगारावर प्रत्येकीला सारखीच जादा रक्कम दिली. सारखी दिली म्हणजे न्याय झाला, अशी माझी पक्की समजूत होती. सगळ्या खूश दिसल्या. बेसिनवर केस धुणारी आमची हेल्पर मात्र दारापर्यंत जाऊन परत आली.

"ताई, कमी आहे असं म्हणत नाही मी. पण एक सांगा, साडेनऊनंतर मी कुठे होते?"

मला उत्तर देता आलं नाही. साडेनऊनंतर मी घरी होते, एवढंच मला माहीत होतं.

त्या रात्री मी बुकिंगचं सॉफ्टवेअर उघडून बसले. त्यात सगळं होतं: कुठली ग्राहक किती वाजता आली, कुणाच्या खुर्चीवर बसली, बिल कितीचं झालं. पण सॉफ्टवेअरला खुर्चीवरचा वेळ कळतो, माणसाचा कळत नाही. शेवटची ग्राहक उठली की त्याच्या लेखी दिवस संपतो. प्रत्यक्षात त्यानंतर केस झाडायचे, कलरचे वाडगे आणि ब्रश धुवायचे, कंगवे-कात्र्या जंतुनाशकात घालायच्या, टॉवेल मशीनला लावायचे, वॅक्सचा हीटर पुसायचा, कचरा बाहेर न्यायचा, किल्ली फिरवायची. मग गल्ला बंद करताना कार्ड मशीनमधून निघालेल्या पावत्या काढल्या. त्यांच्यावर वेळ छापलेली असते. त्यात ही आवराआवर मिळवली. दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून पाहिलं तर तिला ५० मिनिटं लागत होती, आणि तेही गर्दी नसताना. शिवाय हेल्पर रोज घरी निघताना बहिणीला "निघाले" असा मेसेज करायची. ते मेसेज तिने आपणहून दाखवले. त्यांच्या वेळा माझ्या हिशोबाशी पाच-दहा मिनिटांच्या फरकाने जुळल्या.

खरे पगार इथे लिहीत नाही, प्रमाण कळावं म्हणून तिचा तासाचा दर १०० धरते. आठवड्याचे ठरलेले तास ४८. तीन आठवड्यांत तिचे जादा तास निघाले १४, १६ आणि १८, म्हणजे एकूण ४८. तीन आठवड्यांत ती चौथा आठवडा राबली होती. मी दिलेली सरसकट रक्कम ३०००. भागाकार केला तर जादा तासाला साडेबासष्ट. दिवसाउजेडी केलेल्या कामाला शंभर आणि रात्री पाय सुजेपर्यंत उभं राहून केलेल्या कामाला साडेबासष्ट! मी ज्याला बक्षीस समजत होते ती चक्क सवलत होती, आणि ती मीच घेतली होती.

केस कापणाऱ्या आमच्या ज्येष्ठ बाईंचे जादा तास याच काळात २७ भरले. त्यांनाही ३०००, आणि त्या तासांत केलेल्या कामावरचं कमिशन वेगळं. हेल्परला कमिशन नसतं. सलूनमध्ये उशिरापर्यंत थांबण्याचे पैसे थांबणाऱ्याला मिळत नाहीत, बिलावर नाव असणाऱ्याला मिळतात. आणि आवराआवरीचं बिल कुणी फाडत नाही. हे मला इतकी वर्षं दिसलं कसं नाही, याचं आजही नवल वाटतं. मी स्वतः या धंद्यात बेसिनवरूनच वर आले आहे.

जादा कामाचा दर बहुतेक ठिकाणी कायद्यानेच ठरलेला असतो. कुठे दीडपट, कुठे दुप्पट. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने दुकानं आणि कचेऱ्यांसाठी १९३० साली केलेल्या करारात दिवसाला ८, आठवड्याला ४८ तास आणि त्यापुढच्या जादा कामाला किमान सव्वापट असा हिशोब आहे. मी सव्वापटीच्याही खाली होते. पुढच्यासाठी दुप्पट ठरवली. हेल्परचे ४८ जादा तास दुप्पट दराने ९६००, दिलेले ३०००, बाकी ६६००. ते दोन हप्त्यांत दिले. बाकीच्यांचेही हिशोब त्याच पद्धतीने काढावे लागले. एकीचे काढले आणि दुसरीचे नाही, असं करून चालणार नव्हतं. ती रक्कम बघून माझा घसा कोरडा पडला, आणि पुढचा हंगाम आधी कागदावर मांडायचा, हे तिथेच ठरलं.

मांडायला बसले तेव्हा पहिल्यांदा एक कळलं: सणाची गर्दी आणि लग्नाची गर्दी ही दोन वेगळी दुखणी आहेत. सणाआधी छोटी छोटी कामं असतात. भुवया, वॅक्सिंग, केस कापणं, फेशियल, ब्लो-ड्राय. ही सगळी शेवटच्या चार-पाच दिवसांत, आणि त्यातही संध्याकाळी पाचनंतर येऊन आदळतात. लग्नाचं काम लांबलचक. नवरीचा मेकअप आणि केस धरून अडीच-तीन तास, बरोबरच्या नातेवाईक बायका वेगळ्या, आणि सुरुवात पहाटे. एका गर्दीला संध्याकाळी जास्त हात लागतात, दुसरीला पहाटे थोडे पण ताजे हात लागतात. मी दोन्हींवर एकच औषध करत होते: "या महिन्यात सुट्टी नाही, सगळ्यांनी पूर्ण वेळ."

सणाच्या संध्याकाळी नक्की काय तुंबतं ते बघायला मी दोन दिवस काउंटर सोडून मागे स्टुलावर बसले. माझा समज होता की हेअरड्रेसर कमी पडतात. पण खुर्च्या चार, बेसिन दोन. ब्लो-ड्रायला धुण्यासकट साधारण ४० मिनिटं लागतात, म्हणजे चार खुर्च्यांवरून तासाला सहा डोकी बेसिनवर येणार. एक हेल्पर तासाला चार डोकी धुते. पाचवं घेतलं तर कंडिशनर नीट निघत नाही. दुसरी हेल्पर सकाळी साडेनऊला आलेली असल्यामुळे पाचच्या सुमारास निघून जायची. म्हणजे ऐन गर्दीत, पाच ते आठ, तासाला दोन डोकी मागे पडत होती. तीन तासांत सहा. ती सहा धुवायला एकीला दीड तास. आमचा रोजचा उशीर बरोबर दीड तासाचाच होता! आणि त्या दीड तासात हेअरड्रेसर हातात ड्रायर घेऊन ओल्या डोक्याची वाट बघत उभ्या. काम नाही, पण घरीही जाता येत नाही. जादा तासांचे पैसे मी वाट बघण्याला देणार होते.

म्हणून पहिला बदल बेसिनवर केला. एक हेल्पर सकाळी साडेनऊला येऊन सहाला जाणार, दुसरी दुपारी एकला येऊन साडेनऊला, आणि गर्दीच्या तीन आठवड्यांसाठी तासावर एक तिसरी मुलगी, दुपारी चार ते रात्री नऊ. आठवड्याचे तिचे ३० तास, दर तोच १००, म्हणजे ३०००. त्याच्या बदल्यात संध्याकाळच्या पाच जणींचा रोजचा दीड तास वाचला, आठवड्याला ४५ माणसी तास. सगळ्यांचा दर हेल्परइतकाच धरला तरी दुप्पटीने ते ९००० होतात. ओव्हरटाइम नीट द्यायचा ठरवला तेव्हाच हे गणित डोळ्यांसमोर आलं. साडेबासष्टने देत होते तोवर ते बघायची गरजच पडली नव्हती.

तिसऱ्या मुलीचा आणखी एक उपयोग झाला, तो मी योजलेला नव्हता. दिवसभर शांपू आणि पाण्यात हात असले की बोटांच्या बेचक्यांमध्ये त्वचा लाल होते, मग भेगा पडतात, मग कलर लागला की आग होते. आमच्या हेल्परचे हात दर हंगामात असे व्हायचे आणि तिला ते धंद्याचाच भाग वाटायचे. हातमोजे होते, पण घाईत कोण घालतंय. तिघी झाल्यावर बेसिनची पाळी दीड-दीड तासाने बदलायची असं ठरवलं: दीड तास धुणं, मग कोरडं काम, मग पुन्हा. या भेगांचा हिशोब तासात करता येत नाही, त्यामुळे तो ओव्हरटाइमच्या वहीत कधी येत नाही.

दुसरा बदल शेवटच्या अपॉइंटमेंटचा. पूर्वी आम्ही "शेवटची वेळ आठ" असं सांगायचो. आठला भुवया करायला आलेली सव्वाआठला बाहेर पडते, आठला कलर लावायला बसलेली दहाला. आता आम्ही संपण्याची वेळ ठरवतो. नऊला खुर्ची रिकामी हवी. त्यामुळे कलर सातच्या आत, ब्लो-ड्राय आठ वीसच्या आत, भुवया पावणेनऊपर्यंत. काउंटरवरच्या मुलीला हे पाठ व्हायला आठवडा लागला. ग्राहकांची कुरकुर झाली, नाही असं नाही. पण बऱ्याच जणींना आपण कुठलं काम कधी करावं हेच माहीत नसतं. कलर आठवडाभर आधी केला तर चालतो, उलट एक-दोन धुण्यांनंतर तो बसतो. फेशियल आणि ब्लीच तीन-चार दिवस आधी केलेलं बरं, कारण कुणाच्या चेहऱ्यावर लाली उठली तर ती उतरायला वेळ मिळतो. हे सांगितलं की दहातल्या तीन-चार जणी आपणहून आधीच्या दिवशी जायच्या. शेवटच्या दोन दिवसांसाठी फक्त ब्लो-ड्राय, भुवया आणि मेकअप ठेवायचा प्रयत्न केला. पूर्ण जमला नाही.

खरं भांडण झालं ते पाळ्यांवरून. मी काढलेल्या तक्त्यात एक हेअरड्रेसर रोज सहाला घरी जात होती. मला वाटलं, आनंद होईल. ज्येष्ठ बाईंनी तक्ता बघितला आणि शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे सगळी कमाई संध्याकाळची आणि मला सकाळी बसवणार." बरोबर होतं त्यांचं. कमिशन संध्याकाळी असतं. लवकर सुटण्याचं बक्षीस कुणाला हवं आणि कुणाला ती शिक्षा वाटते, हे मी विचारलंच नव्हतं. घरी लहान मूल असलेल्या एकीला मात्र सकाळचीच पाळी हवी होती. शेवटी संध्याकाळच्या पाळ्या फिरत्या ठेवल्या. ज्यांना सोडायच्या असतील त्यांनी आपसात बदलाव्यात, फक्त बदल वहीत लिहावा. तक्ता तीन आठवडे आधी भिंतीवर लावायचा आणि नंतर मी तो एकतर्फी बदलायचा नाही, ही अट त्यांनी माझ्यावर घातली. ती पाळणं मला सगळ्यात जड गेलं.

कमिशनवाल्यांचा ओव्हरटाइम कसा काढायचा, यावर बराच खल झाला. मूळ पगारावरच दुप्पट द्यायची की कमिशनही धरायचं? ज्येष्ठ बाईंचा एक आठवडा घेते. मूळ दर तासाला १५०, काम ५७ तास, म्हणजे जादा ९. त्या आठवड्याचं कमिशन २८५०. ते ५७ तासांवर पसरलं तर तासाला ५० पडतात. म्हणजे त्यांच्या तासाची खरी किंमत १५० नव्हे, २०० आहे. जादा तासाला त्याची दुप्पट म्हणजे ४००. पण त्यातले ५० त्यांना कमिशन म्हणून आधीच मिळालेत. म्हणून ९ तासांचे मूळ दराने दुप्पट २७००, आणि कमिशनच्या भागाचे उरलेले ९ गुणिले ५० म्हणजे ४५०, एकूण ३१५०. माझा हिशोबनीस म्हणाला, एवढं कशाला, मूळ पगारावर द्या आणि मोकळ्या व्हा. पण आमच्याकडे मूळ पगार मुद्दाम कमी आणि कमिशन जास्त ठेवलेलं आहे. मूळ पगार कमी ठेवायचा आणि ओव्हरटाइमही त्याच कमी आकड्यावर मोजायचा, म्हणजे एकाच गोष्टीचा फायदा दोनदा घ्यायचा.

लग्नांचं वेगळं होतं. पहाटे पाचला नवरीच्या घरी पोचायचं तर साडेचारला निघावं लागतं. आदल्या रात्री साडेनऊला सलून बंद करून गेलेली बाई सात तासांनी पुन्हा घराबाहेर. आमची सगळ्यात वाईट चूक अशाच एका दिवशी झाली. पहाटेचं काम करून आलेली ब्युटिशियन दुपारी एका ग्राहकाच्या केसांना कलर लावून दुसरीच्या भुवयांना गेली आणि टायमर लावायचा विसरली. रंग ठरल्यापेक्षा वीस मिनिटं जास्त राहिला. टोकं खरखरीत झाली, पैसे परत करावे लागले, आणि ती ब्युटिशियन आत जाऊन रडली. मी तिला बोलले, त्याची लाज वाटते. तक्ता मी काढला होता.

युरोपात २००३ च्या एका निर्देशानुसार दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग ११ तासांची विश्रांती असते. तो आकडा मी उचलला. पाचच्या नवरीसाठी साडेचारला निघणारी आदल्या दिवशी साडेपाचला सुटलीच पाहिजे. म्हणजे बंद करणारी आणि पहाटेची एकच असू शकत नाही. मेकअप करणाऱ्या दोनच, आणि दोघी पहाटेच्या कामाला लावल्या तर साडेपाचनंतर सलूनमध्ये त्यांच्यातली एकही उरत नाही, म्हणून लागोपाठच्या दोन दिवशी दोन-दोन पहाटेची कामं घेता येत नाहीत, हे या नियमाने आपोआप ठरलं. त्यामुळे कामं नाकारावी लागली. हंगामात चार. जाण्यायेण्याचा वेळ कामाचा धरला, म्हणजे घड्याळ साडेचारला सुरू. पहाटेचा जादा आकार आधीही ग्राहकाकडून घेत होतो, पण तो गल्ल्यात जायचा. आता त्यातला अर्धा जाणाऱ्या दोघींमध्ये सारखा वाटला जातो, मेकअप करणारी आणि तिची हेल्पर, दोघींना सारखाच. झोप दोघींची सारखीच मोडते.

वही साधी ठेवली. आल्याची वेळ, गेल्याची वेळ, जेवणाची सुट्टी मिळाली का, आणि सही. जेवणाचा रकाना हेल्परने सुचवला. पगारातून एक तास सुट्टीचा वजा व्हायचा, पण गर्दीत ती दहा मिनिटांत उभ्याउभ्या जेवायची. आता पूर्ण अर्धा तास सलग बसायला मिळाला नाही तर तो वेळ कामाचा धरतो. पहिल्याच आठवड्यात अशा नोंदी एवढ्या निघाल्या की मी दुपारी दोन ते चारमध्ये प्रत्येकीच्या नावापुढे बुकिंगच बंद करून टाकलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एक मुलगी आवराआवर मुद्दाम लांबवते, असं दुसऱ्या दोघींचं म्हणणं आलं. पन्नास मिनिटांचं काम तिच्या पाळीला सव्वा तास. मला तिचे पैसे कापायचा मोह झाला. कापले नाहीत. वहीत वेळ आहे, ती सलूनमध्ये होती, म्हणजे पैसे द्यायचे, मग बोलायचं. बोलल्यावर कळलं की मशीनमधले टॉवेल वाळवायला टाकल्याशिवाय जायचं नाही, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. बाकीच्या ते सकाळच्यांवर टाकून जात होत्या.

बदली सुट्टीचाही घोळ झाला. काही जणींनी पैशांऐवजी सुट्टी मागितली, मी हो म्हटलं, आणि सण संपला तशी लग्नं सुरू झाली. सुट्ट्या वहीत साठत गेल्या. एकीच्या नावावर साडेपाच दिवस जमले तेव्हा लक्षात आलं की या कधीच दिल्या जाणार नाहीत. आता तीस दिवसांत सुट्टी मिळाली नाही तर तिचे ओव्हरटाइमच्या दराने पैसे, त्याच महिन्याच्या पगारात. आणि सुट्टी एका तासाला एक तास नाही, दोन तास.

या हंगामात जादा तास निम्म्याहून कमी झाले. नफा थोडा कमी झाला. चार नवऱ्या नाकारल्या आणि शेवटच्या दोन दिवसांत कलर जवळपास घेतलेच नाहीत, त्याचा तो परिणाम. ज्येष्ठ बाई अजूनही सकाळच्या पाळीवर नाराज असतात. त्यांचं म्हणणं असं की कमिशन संध्याकाळचं आणि सकाळचं वेगळ्या टक्क्याने द्यावं. त्याचा हिशोब मांडून बघतेय.

परवा पाकिटं दिली. हेल्परने आपलं पाकीट न उघडता आधी वही मागितली, बोट फिरवत एकेक ओळ वाचली आणि एका तारखेवर थांबली. "इथे नऊ पन्नास लिहिलंय ताई. मी साडेनऊलाच गेले होते. वीस मिनिटं जास्त लागलीत." मी ते खोडलं, शेजारी सही केली, आणि तिनेही केली.